विषांचा तक्ता: तपासणीचा रकाना दोन भागांत मोडा

एफएमटीच्या परीक्षेआधी टॉक्सिकॉलॉजीचा एक तक्ता जवळपास प्रत्येकाच्या वहीत असतो. विषाचं नाव, लक्षणं, उतारा, तपासण्या असे चार रकाने आणि खाली पंचवीस-तीस ओळी. सीनियरच्या वहीवरून झेरॉक्स होत होत तो तुमच्यापर्यंत आलेला असतो. पाठ करायला तो बरा वाटतो, पण व्हायवाच्या टेबलावर त्याच ओळी एकमेकींत मिसळतात. लसणासारखा वास कशाचा, फिजोस्टिग्मिन कशाला, रक्त कुठल्या बल्बमध्ये घ्यायचं, ही सगळी सुटी माहिती असते आणि तिला धरून ठेवणारं काही नसतं.

या तक्त्यात दोन बदल करा. पहिला, नावाच्या शेजारी ‘विष काय अडवतं’ असा एक अरुंद रकाना घाला. लक्षणं आणि उतारा बहुतेक वेळा त्यातूनच निघतात. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आहे. ‘तपासण्या’ या रकान्यात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: रुग्ण वाचवण्यासाठी कॅज्युअल्टीत करायची तपासणी आणि पुढे न्यायालयात टिकेल असा पुरावा म्हणून प्रयोगशाळेकडे पाठवायचा नमुना. पहिलीचं उत्तर मिनिटांत लागतं, दुसरीचा सीए रिपोर्ट यायला बराच काळ जातो. दोन्हींचा बल्ब वेगळा, प्रिझर्व्हेटिव्ह वेगळं आणि होणाऱ्या चुकाही वेगळ्या. म्हणून रकानेही दोन हवेत.

एक ओळ पूर्ण भरून पाहू

महाराष्ट्राच्या ग्रामीण कॅज्युअल्टीत नेहमी दिसणारी केस घेऊ. समजा, बत्तीस वर्षांच्या शेतमजुराला रात्री नातेवाईक घेऊन आले. तोंडाला फेस आहे, अंग घामानं चिंब आहे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. नाडी ५२. छातीत दोन्हीकडे घरघर, मांडीच्या आणि पापणीच्या स्नायूंत बारीक फडफड. सोबत लेबल फाटलेली कीटकनाशकाची बाटली.

‘काय अडवतं’ या रकान्यात एकच शब्द जातो: ॲसिटिलकोलिनएस्टरेज. ऑर्गॅनोफॉस्फरस हे एन्झाइम बंद पाडतं, म्हणून ॲसिटिलकोलिन साचत जातं. ते जिथं जिथं काम करतं, तिथली लक्षणं लिहा. ग्रंथी आणि गुळगुळीत स्नायूंवर म्हणजे मस्करिनिक जागी लाळ, अश्रू, घाम, उलटी, जुलाब, श्वासनलिकेत साचणारा स्राव आणि आकसलेल्या बाहुल्या. हाडांना जोडलेल्या स्नायूंवर, म्हणजे निकोटिनिक जागी, फडफड आणि नंतर अशक्तपणा. मेंदूत गोंधळ, झटके, बेशुद्धी. सिम्पथेटिक गँग्लियासुद्धा निकोटिनिकच असतात, म्हणून काही रुग्णांत नाडी मंद न होता वाढलेली मिळते. तक्त्यात ‘नाडी मंद’ एवढंच लिहिलं असेल तर असा रुग्ण समोर आल्यावर तुम्ही निदानावरच शंका घ्याल.

आता उतारा. ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक जागा अडवतं. त्यानं छाती मोकळी होईल, पण स्नायूंचा अशक्तपणा जाणार नाही. सुरुवात साधारण ३ मिलिग्रॅम शिरेतून. आपल्याकडच्या ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाच ॲम्प्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐका. सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट करा. आपल्या रुग्णाला ३, मग ६, मग १२ मिलिग्रॅम लागले असं धरू. एकूण झाले २१. आता छाती स्वच्छ आहे, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काख कोरडी आहे. इथं थांबायचं आणि लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून सुरू ठेवायचं. १० टक्क्यांनी सुरू केलं तर तासाला सुमारे २ मिलिग्रॅम. लक्षात घ्या, लक्ष्य छाती आहे, बाहुली नव्हे. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत ॲट्रोपिन देत राहणं ही या ओळीतली सर्वांत नेहमीची चूक आहे.

दुसरा उतारा प्रालिडॉक्झिम. ते विषाला एन्झाइमवरून सोडवतं, त्यामुळे निकोटिनिक जागांवरही त्याचा उपयोग होऊ शकतो. पण काही तासांनी विष आणि एन्झाइम यांचा बंध पक्का होतो. याला एजिंग म्हणतात, आणि त्यानंतर ऑक्झिमचा उपयोग राहत नाही. डायमिथिल गटातल्या विषांत हे काही तासांतच घडतं, डायइथिल गटात बराच जास्त अवधी मिळतो. या औषधाच्या परिणामाबद्दल मतभेद आहेत आणि त्यातलं एक टोक आपल्या बारामतीत आहे. तिथे २०० रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सतत ड्रिपमधून दिलेल्या मोठ्या मात्रेचा फायदा दिसला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्या चाचणीत तो दिसला नाही. म्हणून तक्त्यात ‘ॲट्रोपिन: नक्की, ऑक्झिम: लवकर, ॲट्रोपिनसोबत, फायदा वादग्रस्त’ असं लिहा. कार्बामेटमध्ये बंध आपोआप सुटतो, त्यामुळे तिथे सहसा ॲट्रोपिन पुरतं.

दोन बल्ब, दोन कामं

कॅज्युअल्टीच्या रकान्यात कोलिनएस्टरेज येईल: लाल पेशींतलं आणि प्लाझ्मातलं. पेशींतलं एन्झाइम मज्जासंस्थेतल्या स्थितीच्या जास्त जवळ असतं. प्लाझ्मातलं मोजायला सोपं, पण यकृताच्या आजारात, कुपोषणात आणि गरोदरपणातही ते कमी येतं. रिपोर्टची वाट पाहत ॲट्रोपिन थांबवायचं नसतं. रक्त मात्र ऑक्झिम देण्याआधी घ्यायचं आणि लगेच थंड करायचं. कारण बल्बमध्येही विष, एन्झाइम आणि ऑक्झिम यांची प्रक्रिया चालूच राहते आणि तासाभरात आकडा बदलतो.

पुराव्याच्या रकान्यात पोट धुतल्यावर निघालेला पहिला द्रव, रक्त, लघवी, विष लागलेले कपडे आणि ती फाटक्या लेबलची बाटली. इथलं रक्त सोडियम फ्लोराइडच्या बल्बमध्ये जातं. आणि नेमका इथेच गोंधळ होतो. फ्लोराइड स्वतः कोलिनएस्टरेज अडवतं. त्या बल्बमधलं रक्त एन्झाइमसाठी पाठवलं तर विष नसलेल्या माणसाचाही आकडा कमी येईल. म्हणून एन्झाइमला ईडीटीए आणि पुराव्याला फ्लोराइड, असं या ओळीत स्पष्ट लिहा.

रुग्ण दगावला तर पोस्टमॉर्टेममध्ये व्हिसेरा राखायचा. एका बरणीत जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा ३० सेंटिमीटर भाग, दोन्ही आतल्या पदार्थांसह. दुसरीत ५०० ग्रॅमपर्यंत यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मिठाचं संपृक्त द्रावण, आणि त्याच द्रावणाचा कोरा नमुना वेगळ्या बाटलीत. प्रिझर्व्हेटिव्हमध्येच विष नव्हतं हे या कोऱ्या नमुन्यावरून सिद्ध होतं. बरण्या दोन-तृतीयांशच भरायच्या, कारण कुजताना वायू तयार होतो. फॉर्मॅलिन वापरायचं नाही. त्यानं ऊती घट्ट होतात आणि विष बाहेर काढणं अवघड जातं.

विष तोंडावाटेच गेलेलं असेल असंही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेनं दगावले. अशा प्रकरणांत विष कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं. जठरातल्या पदार्थात काहीच सापडलं नाही म्हणून विषबाधा नव्हती असं म्हणता येत नाही. अंगावरचे कपडे आणि कातडीचा तुकडा पाठवला असेल तरच प्रयोगशाळेला शोधायला काही मिळतं.

उतारा विष होतो तेव्हा

आपल्या रुग्णाकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी तो बडबडतोय, चादर चिमटीत धरून ओढतोय, बोटांमधून नसलेले धागे काढतोय. अंग तापलेलं आणि कोरडं, पोटात आतड्यांचा आवाज नाही, लघवी तुंबलेली, बाहुल्या मोठ्या. हे ऑर्गॅनोफॉस्फरस वाढल्याचं चिन्ह नाही. हे पुस्तकातलं धोतऱ्याच्या विषबाधेचं वर्णन आहे आणि ते ॲट्रोपिनच्या ड्रिपनं घडवलंय. ड्रिप थांबवायची, अर्ध्या तासानं पुन्हा पाहायचं आणि लक्षणं ओसरल्यावर आधीच्या वेगाच्या ७० ते ८० टक्क्यांनी सुरू करायची.

म्हणूनच धोतऱ्याची ओळ तक्त्यात याच ओळीच्या खाली हवी. वर्णानुक्रमानं किंवा ‘वनस्पतिज विषं’ या वेगळ्या पानावर नको. धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसीन आणि हायोसायमिन असतं, आणि ते मस्करिनिक जागा अडवतं. पहिल्या ओळीतला प्रत्येक शब्द उलटा करा: ओलं तिथे कोरडं, लहान बाहुली तिथे मोठी, जुलाब तिथे शांत पोट. उताराही उलट दिशेचा, फिजोस्टिग्मिन, १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून अगदी सावकाश. निओस्टिग्मिन का नाही, हा व्हायवातला ठरलेला प्रश्न. ते रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही, त्यामुळे भ्रम उतरत नाही.

पुराव्यासाठी इथे बिया महत्त्वाच्या. उलटीत किंवा जठरात त्या सापडतात आणि मिरचीच्या बियांशी गल्लत होते. धोतऱ्याची बी मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची, तपकिरी, पृष्ठभागावर खळगे असलेली आणि कडेला दुहेरी कंगोरा असलेली. मिरचीची बी लहान, पिवळसर आणि गुळगुळीत. उभी कापली तर धोतऱ्यात अंकुर बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, मिरचीत आत.

आपल्याच रुग्णाचा तिसरा टप्पा असाही असू शकतो: छाती स्वच्छ, शुद्ध आलेली, सगळे निश्चिंत, आणि विष घेतल्यानंतर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान त्याला उशीवरून डोकं उचलता येत नाही. मानेच्या स्नायूंचा हा अशक्तपणा इंटरमीडिएट सिंड्रोमची पहिली खूण आहे. पुढची पायरी श्वासाच्या स्नायूंची असते आणि ॲट्रोपिन वाढवून काही होत नाही. व्हेंटिलेटरची तयारी ठेवावी लागते.

लसणाच्या वासावर थांबू नका

‘लसणासारखा वास’ तक्त्यात दोनदा येतो, ऑर्गॅनोफॉस्फरसपुढे आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडपुढे. धान्य साठवताना वापरायच्या या गोळ्यांना गावात सर्रास सल्फास किंवा सेल्फॉस म्हणतात. ओलावा आणि जठरातलं आम्ल लागलं की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो पेशींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज अडवतो. पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. म्हणून चित्र वेगळं असतं: लाळ, घरघर, बारीक बाहुल्या नाहीत, आहे तो न उचलणारा रक्तदाब, बिघडलेले हृदयाचे ठोके आणि रक्तात वाढणारं आम्ल. रुग्ण बराच वेळ शुद्धीत असतो आणि बोलतो, त्यामुळे नातेवाइकांना आणि नवख्या डॉक्टरला तो बरा वाटतो. याला उतारा नाही. रक्तदाब सांभाळणं, आम्लता दुरुस्त करणं, ठोक्यांवर लक्ष ठेवणं एवढंच हातात असतं. मॅग्नेशियम सल्फेट अनेक ठिकाणी दिलं जातं, पण ते उताऱ्याच्या रकान्यात लिहू नका.

कॅज्युअल्टीतली चाचणी साधी आहे. जठरातला ५ मिलिलिटर द्रव आणि १५ मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्या, तोंडावर सिल्व्हर नायट्रेटनं भिजवलेला कागद ठेवा आणि १५ ते २० मिनिटं सौम्य गरम करा, ५० अंशांपर्यंत. फॉस्फीन असेल तर कागद काळा पडतो. पण हायड्रोजन सल्फाइडनंही तो काळा पडतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद ठेवतात. तो फक्त सल्फाइडनं काळा होतो. पहिला काळा आणि दुसरा पांढरा, तरच फॉस्फीन. हा दुसरा कागद बहुतेक तक्त्यांतून गळलेला असतो. पुराव्यासाठी बरणीचं झाकण घट्ट हवं, कारण वायू उडून जातो.

घड्याळाकडे पाहून वाचायची तपासणी

२०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः फार घातक नाही. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे फॉर्मिक आम्ल होतं आणि तेच दृष्टिचेता आणि मेंदू जाळतं. या रूपांतराला वेळ लागतो, म्हणून पिऊन घरी गेलेला माणूस १२ ते २४ तासांनी डोळ्यांसमोर बर्फ पसरल्यासारखं धुरकट दिसतंय म्हणत येतो. उतारा यातूनच निघतो: तेच एन्झाइम दुसऱ्या कामाला लावायचं किंवा बंद करायचं. इथेनॉल पहिलं करतं, फोमेपिझोल दुसरं. सोबत फोलिनिक ॲसिड, बायकार्बोनेट आणि गंभीर रुग्णाला डायलिसिस.

तपासणीच्या रकान्यात इथं दोन आकडे शेजारी लिहा. रुग्ण लवकर आला तर मिथेनॉल अजून मिथेनॉलच असतं, म्हणून ऑस्मोलल गॅप वाढलेला आणि ॲनायन गॅप जवळपास नेहमीसारखा. उशिरा आला तर उलट: मिथेनॉल संपलेलं, आम्ल साचलेलं. एकच आकडा पाहून ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी आंधळा होऊन परत येऊ शकतो. पुराव्याचं रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नाही. १० मिलिलिटर रक्ताला १०० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि ३० मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट लागतं. व्हिसेराही रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ठेवायचा नाही.

तक्ता

| विष | काय अडवतं | ओळखीची खूण | उतारा | कॅज्युअल्टीत | पुराव्यासाठी |
|---|---|---|---|---|---|
| ऑर्गॅनोफॉस्फरस | कोलिनएस्टरेज | ओलं अंग, बारीक बाहुली, स्नायूंची फडफड | ॲट्रोपिन. लवकर ऑक्झिम | कोलिनएस्टरेज, ईडीटीए, थंड | फ्लोराइड रक्त, जठरातला द्रव, कपडे, बाटली |
| धोतरा | मस्करिनिक जागा | कोरडं अंग, मोठी बाहुली, भ्रम | फिजोस्टिग्मिन | निदान लक्षणांवरून. ईसीजी | बिया, लघवी |
| ॲल्युमिनियम फॉस्फाइड | सायटोक्रोम ऑक्सिडेज | शुद्धीत असून रक्तदाब खाली | नाही | सिल्व्हर नायट्रेट आणि लेड ॲसिटेट कागद, ईसीजी, रक्तातली आम्लता | घट्ट झाकणाची बरणी |
| मिथेनॉल | फॉर्मिक आम्लामुळे सायटोक्रोम ऑक्सिडेज | उशिरा येणारी अंधुक दृष्टी | इथेनॉल किंवा फोमेपिझोल | दोन्ही गॅप, डोळ्यांचा पडदा | फ्लोराइड रक्त, स्पिरिट वर्ज्य |
| साप | नाग-मण्यार: चेता-स्नायू जोड, घोणस-फुरसं: रक्त गोठणं | पापणी झुकणं, रक्तस्राव | पॉलिव्हॅलंट प्रतिविष, नागाला निओस्टिग्मिनही, ॲट्रोपिनसोबत | वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी | दंशाची जागा आणि भोवतालची कातडी |

सापाच्या ओळीत एक टीप जोडा. चाचणीसाठी २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. प्लास्टिकच्या किंवा साबणानं धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, आणि विनाकारण प्रतिविष दिलं जातं. नाग आणि मण्यार एकाच ओळीत असले तरी निओस्टिग्मिनचा उपयोग मुख्यतः नागाच्या दंशात होतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूला बसतं, मण्यारीचं मुख्यतः चेतेच्या टोकालाच नष्ट करतं.

उजळणी उजवीकडून डावीकडे

विषाचं नाव झाकून उजव्या रकान्यांवरून ओळखायचा सराव करा. व्हायवात प्रश्न त्याच दिशेनं येतो. परीक्षक बी हातात देतो, बरणी दाखवतो, काळा पडलेला कागद समोर धरतो. शिवाय प्रत्येक चाचणीपुढे पेन्सिलीनं एकच गोष्ट लिहा: ही खोटी कधी येते. कोलिनएस्टरेजपुढे ‘यकृताचा आजार, फ्लोराइड’, सिल्व्हर नायट्रेटपुढे ‘सल्फाइड’, गोठण्याच्या चाचणीपुढे ‘साबण’. सीए रिपोर्ट कोरा आला तर त्यामागची कारणंही लिहून ठेवा: विष उडून गेलं, शरीरानं मोडलं, उलटीतून गेलं, कातडीतून आलं होतं किंवा चुकीचा नमुना पाठवला.

पुढची ओळ आता तुम्हीच भरा: आर्सेनिक. ते प्रथिनांवरच्या सल्फर-हायड्रोजन गटांना चिकटतं. म्हणून उतारा त्या गटांनाच पुढे करणारा: बीएएल किंवा डीएमएसए. अचानक घेतलेल्या मोठ्या मात्रेत पटकीसारखे जुलाब, हळूहळू दिलेल्या विषात तळहातावर जाड कातडी आणि नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा. कॅज्युअल्टीच्या रकान्यात लघवी, आणि पुराव्याच्या रकान्यात मुळासकट उपटलेले केस आणि नखं, कारण विष तिथं महिनोन्‌महिने टिकतं. मृतदेह पुरलेला असेल आणि उकरून काढायचा असेल, तर आजूबाजूच्या मातीचाही नमुना लागतो. जमिनीतल्या आर्सेनिकमुळे केसांतला आकडा वाढला, असा बचाव न्यायालयात होऊ शकतो आणि त्याला उत्तर त्या मातीच्या नमुन्यातूनच मिळतं.